मदत हवी आहे: माहिती अधिकाराच्या 7 मुद्द्यांच्या अर्जाला उत्तर कसं मांडावं?

ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणून एका अर्जाचं उत्तर तयार करतोय. अर्ज सलग परिच्छेदात आहे, त्यातून 7 मुद्दे निघाले. तीन रकान्यांचा तक्ता केलाय: मुद्दा क्रमांक, अर्जदाराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, आणि उत्तर. प्रश्न आपल्या शब्दांत लिहिला की अर्थ सरकतो, आणि अपिलात नेमकं तेच बोट ठेवलं जातं.

मुद्दा 1 ते 3 सरळ आहेत. मुद्दा 4 मध्ये रस्त्याचं मोजमाप पुस्तक आणि ठेकेदाराची देयकं एकत्र मागितली आहेत. मोजमाप पुस्तक पंचायत समितीकडे आहे, देयकं आमच्याकडे. मी 4(अ) आणि 4(आ) केलंय, म्हणजे पुढचे क्रमांक हलत नाहीत. 4(अ) कलम 6(3) नुसार अर्ज मिळाल्यापासून 5 दिवसांत पंचायत समितीकडे वर्ग केला, त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख तक्त्यात दिली. नुसतं ‘संबंधित नाही’ लिहिणं म्हणजे अपिलाला आमंत्रणच.

अडलंय ते इथे:

देयकांची 46 पानं, 2 रुपयांप्रमाणे 92 रुपये. शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसांत धरत नाहीत. मग बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं आत्ताच पाठवून 4(आ) समोर ‘शुल्क भरल्यावर’ लिहू, की सगळं एकदम देऊ?

मुद्दा 7 ‘काम का रखडलं?’ असा आहे. कारण नोंदलेला कागद दप्तरात नाही. ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ एवढं पुरेल, की मासिक सभेच्या इतिवृत्ताची पाहणी करायला बोलवावं?

तुमच्याकडचा अशा तक्त्याचा नमुना असेल तर नावं झाकून टाका.