अनुभव धागा: सुटे शब्द की अख्खं वाक्य? तुमची कार्डं कशी बनवता?

वाळूजकर: मी जर्मन शिकायलोय, दीड वर्ष झालं. पहिले चार महिने फक्त शब्दांची कार्डं केली, पुढं जर्मन शब्द आणि मागं मराठी अर्थ. त्यात एक कार्ड होतं, ‘ह्योरेन’ म्हणजे ऐकणे. पक्कं पाठ.

मग एक मालिका बघायलो होतो. आई पोरावर ओरडते, ‘ह्योर एंडलिश आउफ!’ मला वाटलं ती ‘आता तरी ऐक’ म्हणाली. पण पोरगं कटलरी आपटत होतं ते थांबलं. मागं जाऊन तीनदा ऐकलं. क्रियापद ‘आउफह्योरेन’ निघालं, म्हणजे थांबणे, बंद करणे. त्याचं तुटून ‘आउफ’ वाक्याच्या शेवटी गेलेलं, आणि मी पुढचा अर्धा तुकडाच ऐकलेला. शब्दांच्या कार्डावर हा घोळ कधी दिसलाच नसता.

तेव्हापासून वाक्य उचलतो. त्या वाक्याचं कार्ड असं: पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य, त्या दृश्याचा आवाज, आणि ‘ह्योर’ व ‘आउफ’ हे दोन्ही तुकडे ठळक. मागं ‘बस कर एकदाचं!’ आणि खाली मूळ क्रियापद. ‘एंडलिश’ला शब्दकोशात ‘अखेर’ दिलंय, पण त्या आईच्या तोंडी आपलं ‘एकदाचं’च बसतं.

तुमचे अनुभव लिहा. पुस्तकं, मालिका, कुठलीही भाषा.

परभणीचा पाहुणा: एकदम बरोबर. मी तर एक वाक्यही घेत नाही, आख्खा परिच्छेद घेतो. जेवढा संदर्भ जास्त तेवढं डोक्यात राहतं. इंग्रजी कादंबरीची दोनशे कार्डं झालीत.

नांदेडची, जर्मन शिकवते: पाहुणे, संदर्भ हवा हे खरं, पण परिच्छेदाचं कार्ड फसवतं. पहिल्या चार शब्दांवरून ‘हां, ही ती म्हातारीची गोष्ट’ असं ओळखू येतं आणि उत्तर तोंडातून निघतं. शब्द वाचलेलाच नसतो.

ताडून बघायचं असेल तर तोच शब्द दुसऱ्या वाक्यात घालून स्वतःला विचारा. अडलात तर तुम्हाला शब्द येत नाही, कार्डाचा चेहरा ओळखू येतो. माझ्या विद्यार्थ्यांत हे नेहमीचं आहे. उपाय दोन. वाक्य कापून सात-आठ शब्दांवर आणा, आणि अडलेल्या शब्दाला महिन्याभरानं वेगळ्या ठिकाणचं दुसरं वाक्य द्या.

दुसरी चाळणी मी कडक ठेवते: वाक्यात न येणारी गोष्ट एकच हवी. दोन अनोळखी शब्द असतील तर कुठल्यासाठी अडलो ते कळत नाही, ते वाक्य तसंच सोडून द्यायचं. एका भागातून मला पाच-सहाच वाक्यं मिळतात. तीस मिळायला लागली तर मालिकाच तुमच्यासाठी अवघड आहे, सोपी लावा.

परभणीचा पाहुणा: दोनशे कार्डं कापू? आता नाही होत बाई. पण तीन तपासली, दोनात अडलो. बघतो.

बीडवरून: माझा मुलगा चौथीत आहे. बाई रोज दहा शब्द पाठ करायला देतात, हा संध्याकाळी विसरतो. मालिका लावून देऊ का त्याला? घरात आधीच टीव्हीवरून भांडणं.

नांदेडची, जर्मन शिकवते: ताई, टीव्हीची गरज नाही. त्याच्याच पाठ्यपुस्तकात तो शब्द ज्या वाक्यात आलाय ते वाक्य चिठ्ठीवर लिहा, शब्दाच्या जागी रेघ मारा, त्याला भरायला सांगा. दहा नको, चार.

अंबाजोगाईचे निवृत्त: तुमच्या गप्पा दूरदेशाच्या. मी बासष्टाव्या वर्षी उर्दू शिकलो, घरातल्या निजामकाळच्या जमिनीच्या कागदांसाठी. मोबाइल नाही, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले. एका बाजूला कागदातली ओळ उर्दूच्या नस्तलीक लिपीत जशीच्या तशी उतरवायची, मागं देवनागरी आणि अर्थ.

माझी अडचण उलटी. कागदांची भाषा साच्यातली: अमुक वल्द तमुक, साकिन मौजा अमुक. ओळ पाठ झाली की ‘वल्द’ म्हणजे मुलगा, ‘साकिन’ म्हणजे राहणारा हे त्या जागेवर कळतं. पण उर्दू वर्तमानपत्रात ‘साकिन’ दिसला तर थबकायचो. म्हणून बाईंचं दोन वाक्यांचं म्हणणं मला पटलं. आणि खरं सांगू? नस्तलीकमध्ये ठिपके कधी गाळलेले असतात, तिथं शब्द ओळखायला पूर्ण ओळच लागते. सुटा शब्द वाचताच येत नाही.

लातूरची परीक्षार्थी: माफ करा, पण मला सुटे शब्दच परवडतात. स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, वाक्य नाही. आमच्याकडं याद्या पाठ करायची सवयच लागलेली असते. दिवसाला चाळीस शब्द होतात. वाक्यांची कार्डं करायला बसले तर आठ होतील.

वाळूजकर: मान्य, आकडा तुमच्या बाजूनं आहे. पण यादीतला शब्द उताऱ्यात आला की कळतो?

लातूरची परीक्षार्थी: निम्मे वेळा. उताऱ्याला मार्कं पण आहेत म्हणा. अर्धं-अर्धं करावं का, ठरत नाही.

शहरातला ॲनिमवाला: मी जपानी शिकतोय. दोन ठेचा खाल्ल्या त्या सांगतो. पहिली, डब केलेली मालिका. आवाज आणि खालची अक्षरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली असतात, त्यामुळं पडद्यावर एक वाक्य आणि कानावर दुसरंच. साठेक कार्डं तशी बनवून बसलो होतो, अक्षरावर बोट ठेवून ऐकलं तेव्हा उमगलं. आता मूळ त्याच भाषेत बनलेलीच मालिका घेतो, आणि कार्ड ठेवण्याआधी एकदा डोळे मिटून ऐकतो.

दुसरी, हाव. Anki या कार्डांच्या ॲपमध्ये सुरुवातीला दिवसाला 20 नवी कार्डं ठरलेली असतात. मी 50 केली. तिसऱ्या आठवड्यात उजळणीच दीड तासाची व्हायला लागली, मालिका बघायला वेळच उरेना. आता 8 वर आहे. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की ते ॲप आपोआप बाजूला काढतं. पूर्वी मी ते हट्टानं परत आणायचो. आता पुसून टाकतो. शब्द कामाचा असेल तर पुन्हा भेटेलच की.

हिंगोली: एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार संच उतरवून घ्यावा.

शहरातला ॲनिमवाला: घेतला होता. वाक्यं बरी होती, पण ती कोण बोललं, का बोललं, माहीत नाही. तो आवाज माझ्या कानात नव्हता. काहींना चालतं म्हणे.

वाळूजकर: नांदेडच्या ताई, माझं आता नवंच लफडं झालंय. ‘ह्योर आउफ’ पक्कं बसल्यावर ‘ह्योर त्सू’ भेटलं, म्हणजे लक्ष देऊन ऐक. दोन्ही कार्डं एकाच आठवड्यात आली आणि आता दोन्ही चुकतात. आधी येणारं पण गेलं.

नांदेडची, जर्मन शिकवते: सख्खे भाऊ एकत्र शाळेत घातले की होतं असं. ‘त्सू’वालं दोन-तीन आठवडे थांबवून ठेवा. ‘आउफ’ डोळे मिटून आलं की मग ते सोडा, आणि त्याला वेगळं दृश्य द्या, आईचं नको.

वाळूजकर: थांबवलं. पण त्याच मालिकेत परवा मास्तर वर्गात ‘ह्योरेन झी त्सू’ म्हणाला आणि कार्ड नसताना कळलं. आता ते थांबवलेलं कार्ड सोडू की पुसू?