झोपतानाची दुधाची बाटली: हळूहळू सोडवायची की एकदम?

मैथिली, सुदामा नगर, इंदूर: मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. रात्री 200 मिली दूध, त्यात चमचाभर मिश्री, आणि बाटली तोंडात धरूनच झोपतो. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसतेय. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात, पडणारच आहेत. बाटली कशी सोडवू?

अण्णा, राजवाडा: मिश्री बंद करा, बास. नुसत्या दुधाने दात किडत नाहीत. बाटली सुटते आपोआप.

दातांची डॉक्टर: अण्णा, मिश्री आजच बंद व्हायला हवी, हे खरं. पण दुधात स्वतःची साखर असतेच. जागेपणी लाळ ती धुऊन काढते. झोपेत लाळ कमी होते, गिळणंही मंदावतं, आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असतात, म्हणून ते बहुतेक वाचतात. आणि पुढचे दात 6-7 व्या वर्षी पडले, तरी दुधाच्या दाढा 10-12 पर्यंत चावायला लागतात.

मैथिली, ओठ वर उचला आणि ओल्या सुती कापडाने रेघ पुसा. निघाली तर तो थर होता. खडूसारखी निस्तेज तशीच राहिली, तर कीड सुरू झालीय, पण खड्डा नाही. अजून थांबवता येते. डॉक्टरांकडून फ्लोराइडचा लेप लावून घ्या. तपकिरी डाग दिसला तर वाट पाहू नका.

सुलभाकाकू: बाटली रोज उकळा! आमच्या नातीचं निप्पल बदललं, तेव्हापासून काही त्रास नाही.

दातांची डॉक्टर: काकू, उकळल्याने जुलाब टळतात. दातांवरचं दूध त्याने जात नाही.

मैथिली, दूध जेवणासोबत कपातून द्या. मग तांदळाच्या दाण्याएवढी, 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश. बाटलीत तीन रात्री 150 मिली दूध, 50 पाणी. पुढच्या तीन रात्री निम्मंनिम्मं, मग 50 दूध, 150 पाणी, शेवटी नुसतं पाणी. मूल नीट जेवत असेल आणि वजन वाढत असेल तरच हे करा, नाहीतर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

निखिल, विजयनगर: मला हे पटत नाही. दहा दिवस मोजमाप कोण पाळतं? मूल रडलं की आजी पूर्ण दूध भरून देते, आणि रडल्यावर मिळतं हे ते शिकतं. एकदम बंद करा. काही रात्री रडेल, थोपटून झोपवा.

दातांची डॉक्टर: एकदम बंद केलेलंही चालतं, घरातले सगळे एकमताचे असतील तर. आजीच मुलाला झोपवत असतील, तर पाण्याची रीत टिकते, कारण हातात बाटली असते.

मैथिली: आणि रात्री दीडला उठून मागितलं तर?

दातांची डॉक्टर: त्या रात्रीचंच प्रमाण द्या, तेही बसवून. संपली की बाटली काढून घ्या आणि दात ओल्या कापडाने पुसा.

निखिल: दीडला मात्र पहिल्या रात्रीपासून नुसतं पाणीच हवं. ब्रश झाल्यावर पुन्हा दूध दिलं, तर ब्रश कशाला केला?