गायरेज बंद पडतं म्हणून जिवाणू मरतो, एवढंच खरं का?

अनया

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात शिकवलं की सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक जिवाणूच्या डीएनए गायरेजला, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला, अडवतं, त्यामुळे डीएनए दुप्पट होत नाही, पेशी विभागत नाही आणि मरते. मला हे पटत नाही. वाढ थांबणं वेगळं, मरणं वेगळं. नोव्होबायोसिन हे दुसरं प्रतिजैविकही गायरेजलाच अडवतं, पण ते सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं झपाट्याने मारत नाही. मग फरक कुठे आहे? प्रत्येकाने आपलं मत द्यावं.

रसायनी

वर्गात शिकवलं ते बरोबर आहे, उगाच गुंता करू नका. हिशोब करून बघा. ई. कोलायचं गुणसूत्र सुमारे 46 लाख बेस-जोड्यांचं असतं आणि साधारण 40 मिनिटांत पुरं होतं. दोन फोर्क, म्हणजे डीएनएचे पदर जिथे उलगडून नक्कल होत जाते त्या दोन जागा, दोन दिशांना जातात, म्हणजे एकेक फोर्क सेकंदाला जवळजवळ 1000 जोड्या उलगडतो. दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा धरला तर सेकंदाला नव्वदेक वेढे सुटायला हवेत. हे वेढे फोर्कच्या पुढच्या डीएनएत साठत जातात. दोरीचे दोन पदर ओढून वेगळे करायला लागा, पुढची दोरी कशी पिळत जाते ते दिसेल. गायरेज एका फेरीत दोन वेढे काढतं. ते थांबलं की पीळ साठतो, फोर्क अडतो आणि पेशीचा कारभार आटोपतो. मरायला आणखी काय हवं?

पेशीपुराण

रसायनी, तुमचा हिशोब चोख आहे आणि गायरेज नसेल तर फोर्क अडेल हेही मान्य. पण औषध दिल्यावर पेशीत होतं ते हे नव्हे. मी बरीच वर्षं याच एन्झाइमवर काम केलंय, आणि हा गैरसमज पुस्तकापुस्तकांतून पुढे सरकताना बघून जीव तुटतो.

गायरेज वेढा काढतं कसं ते नीट बघा. ते डीएनएचे दोन्ही पदर कापतं, समोरासमोर नाही तर चार बेसचं अंतर ठेवून. कापलेलं प्रत्येक टोक ते सुटं सोडत नाही. आपल्याच अंगावरच्या टायरोसिनला, ई. कोलायमध्ये 122व्या, ते टोक चिकटवून धरतं. मग त्या फटीतून डीएनएचा दुसरा तुकडा पलीकडे काढतं आणि फट पुन्हा सांधतं. म्हणजे रोजच्या कामातच गायरेज काही क्षण गुणसूत्र तोडून हातात धरतं. औषध नेमकं तेव्हा येतं. त्याचे दोन रेणू दोन कापांमध्ये, बेसच्या थरांत पाचरीसारखे शिरतात आणि टोकं पुन्हा जुळू देत नाहीत. गायरेज त्याच अवस्थेत अडकून पडतं.

नोव्होबायोसिन वेगळ्या जागी बसतं. ते गायरेजला एटीपी हे इंधन घेऊ देत नाही, त्यामुळे गायरेज रिकामं बसतं, पण कापलेलं डीएनए धरून बसत नाही. अनया, तुझ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

एक प्रयोग सांगतो, मला तो फार आवडतो. 1979मध्ये क्रॉयझर आणि कोझारेली यांनी तापमान वाढवलं की गायरेजचा ए भाग निकामी होईल अशी ई. कोलायची जात घेतली. तिच्यात टी7 हा विषाणू सोडला. टी7ला वाढायला यजमानाचं गायरेज लागत नाही, त्यामुळे गरम करून गायरेज निकामी केलं तरी तो छान वाढला. आता गायरेज शाबूत असताना नॅलिडिक्सिक ॲसिड दिलं, म्हणजे या घराण्याचं 1962 सालचं मूळ औषध. टी7 थांबला. खरा धक्का पुढे आहे: गायरेज आधी निकामी केलं आणि मग औषध दिलं, तर टी7 पुन्हा वाढला.

याचा अर्थ लावा. गायरेज नसल्याने टी7चं काहीच बिघडत नव्हतं. त्याचं नुकसान करत होतं ते औषधाने पकडलेलं गायरेज. गायरेजच काढून घेतलं तर औषधाला पकडायला काही उरत नाही. नुसतं 'एन्झाइम बंद पडतं' म्हणून हे समजणार नाही. औषध जिवाणूच्या एन्झाइमलाच विष करून टाकतं.

भास्करकाका

तुमची चर्चा वाचली, पण मला एक वेगळंच विचारायचंय. मागे मला लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं होतं. ॲसिडिटी होते म्हणून मी दोन्ही गोळ्या एकदमच घेत होतो. चार दिवसांत काहीच उतार पडेना, तेव्हा औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं की ॲसिडिटीच्या गोळीत मॅग्नेशियम आहे, ती सोबत घेऊ नका. म्हणजे मॅग्नेशियमने जंतूचं गायरेज सोडवलं, असंच ना? मग त्या विषाचा उतारा मॅग्नेशियम झाला की.

पेशीपुराण

काका, तुमचा अंदाज उलट बाजूला गेलाय, पण विचारलंत ते फार बरं झालं.

तुमच्या बाबतीत जे झालं ते पोटात झालं, जंतूपर्यंत गोष्ट गेलीच नाही. या औषधाच्या रेणूवर एक कीटोन आणि शेजारी एक कार्बोक्झिल असे दोन ऑक्सिजनवाले गट असतात, आणि ते दोन्ही मिळून धातूचा आयन चिमटीत पकडतात. पोटात मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम भरपूर मिळालं की औषध तिथेच त्याला घट्ट धरतं आणि रक्तात फारसं उतरतच नाही. ॲसिडिटीची गोळी कधी घ्यायची, याचं अंतर डॉक्टरांनाच विचारा.

पण तीच चिमटी गायरेजमध्ये औषधाला जागेवर धरून ठेवते. तिथे चिमटीत मॅग्नेशियमचा एकच आयन असतो, त्याभोवती पाण्याचे चार रेणू, आणि त्या पाण्यामार्फत पलीकडे गायरेजचं 83वं सेरीन आणि 87वं ॲस्पार्टिक ॲसिड पकडलेलं. म्हणजे औषध आणि गायरेज यांच्यामध्ये मॅग्नेशियमचा पूल आहे. ई. कोलायमध्ये 83व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आलं की पुलाचा पलीकडचा खांब कोसळतो. गायरेजचं रोजचं काम जवळजवळ पूर्वीसारखंच चालतं, पण औषध टिकून बसत नाही आणि मारायला दहापंधरापट डोस लागतो. आपल्या पेशींतल्या अशाच कामाच्या टोपोआयसोमरेजमध्ये हे दोन खांब नाहीत, म्हणून औषधाची तिथे पकड बसत नाही.

तेव्हा उतारा मॅग्नेशियम नव्हे, काका. गायरेजपाशी तेच औषधाला टेकू देतं.

निशिगंध

मी प्रयोगशाळेत काम करते, रोज सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघते. सिप्रोफ्लॉक्सासिन टाकून तासा-दोन तासांनी स्लाइड लावली की नेहमीच्या दोन मायक्रॉनच्या आखूड कांड्या दिसत नाहीत, त्यांच्या लांबच लांब दोऱ्या झालेल्या असतात. काही तर सगळ्या दृश्यचौकटीतून आरपार गेलेल्या. डीएनएचा रंग दिला की बहुतेक दोऱ्यांत मधोमध एकच चमकता गोळा असतो आणि दोन्ही टोकं काळी, रिकामी. पेशी लांबत राहते, मध्ये भिंत मात्र पडत नाही. मग पेशी विभागत नाही म्हणून मरते, हे वर्गातलं वाक्य चूक कसं म्हणता? मला तर ते रोज डोळ्यांनी दिसतं.

पेशीपुराण

निशिगंधताई, निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्याचा अर्थ मी वेगळा लावतो.

पकडलेल्या गायरेजवर फोर्क येऊन अडतो. तोपर्यंत टोकं प्रोटीनच्या मुठीत आहेत, गुणसूत्र खऱ्या अर्थाने तुटलेलं नाही. औषध धुऊन काढलं तर बरीच गायरेज कापलेलं पुन्हा सांधून मोकळी होतात. पण काही ठिकाणी मूठ सुटते, उघडी टोकं बाहेर पडतात आणि RecBCD हे दुरुस्तीचं एन्झाइम ती कुरतडायला लागतं. त्यातून जो एकपदरी डीएनए उघडा पडतो त्यावर RecA हे प्रोटीन चढतं, LexA हा पहारेकरी स्वतःला कापून घेतो, आणि संकटकाळची जनुकं जागी होतात. त्यांतलंच एक SulA. जिथे भिंत पडायची तिथे FtsZ या प्रोटीनचं कडं बनतं, ते SulA जुळू देत नाही आणि भिंत पडायची थांबते.

म्हणजे तुम्ही बघता ती दोरी ही पेशीने मुद्दाम घेतलेली सवड आहे: गुणसूत्र दुरुस्त होईपर्यंत विभागायचं नाही. दोरी मरणाचं कारण असती तर RecA नसलेली जात, जिला ही सूचना देताच येत नाही, जास्त तगायला हवी होती. प्रत्यक्षात ती फारच कमी औषधात मरते. आणि तुमच्या स्लाइडवरच्या काही दोऱ्या औषध काढल्यावर पुन्हा तुकडे होऊन जगतात, हे तुम्ही पाहिलं असेल.

निशिगंध

हो, पाहिलंय. रात्रभर ताज्या माध्यमात ठेवल्या की टोकाकडून आखूड पेशी सुटताना दिसतात. सगळ्यांतून नाही, थोड्यांतून. बाकीच्या तशाच पडून राहतात.

रसायनी

विषाचा मुद्दा मी मान्य करतो, टी7च्या प्रयोगापुढे माझा हिशोब अपुरा आहे. पण मग मारतं नेमकं काय? मी वाचलं होतं की खरा मारेकरी ऑक्सिजनचे उग्र रेणू असतात, डीएनएची मोडतोड हा फक्त पहिला धक्का. 2007मध्ये याचा बराच गाजावाजा झाला होता.

पेशीपुराण

झाला होता. पण 2013मध्ये दोन गटांनी तपासून दाखवलं की ऑक्सिजन नसतानाही ही औषधं मारतात. तेव्हा ऑक्सिजनचे रेणू हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. काही परिस्थितीत ते भर घालत असतील, याला माझी हरकत नाही.

मला जास्त छळणारा प्रश्न दुसरा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल देऊन प्रोटीन बनणं बंद केलं तर नॅलिडिक्सिक ॲसिडचं मारणं थांबतं. म्हणजे पकडलेलं गायरेज तसंच आहे, पण टोकं सोडवणारं एखादं नवं प्रोटीन बनू शकत नाही म्हणून पेशी वाचते, असं वाटतं. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र जास्त प्रमाणात दिलं तर क्लोरॅम्फेनिकॉल असतानाही मारतं. माझं मत असं की तिथे गायरेजचे दोन अर्धे भागच एकमेकांपासून सुटतात आणि प्रत्येक जण आपल्याला चिकटलेलं टोक घेऊन बाजूला होतो. तसं झालं तर सांधायला समोर कोणी उरतच नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही.

अनया

हे वाचून दोन गोष्टी विचारते. नवं प्रोटीन लागतं ते कोणतं, हे कोणी पकडलंय का? आणि तुम्ही म्हणता तसे अर्धे भाग सुटत असतील, तर औषध धुऊन काढल्यावर वाचणाऱ्या पेशींचं प्रमाण नॅलिडिक्सिक ॲसिडपेक्षा सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये कमी दिसायला हवं ना?

निशिगंध

दोन्ही औषधं आणि क्लोरॅम्फेनिकॉल, तिन्ही माझ्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात चार प्लेटा लावते: दोन्ही औषधं क्लोरॅम्फेनिकॉलसह आणि त्याविना, धुतल्यानंतर किती वसाहती येतात ते मोजते. डोस किती ठेवू, पेशीपुराण?

पेशीपुराण

चार प्लेटांत भागणार नाही. प्रत्येक औषध त्याच्या एमआयसीच्या, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या किमान प्रमाणाच्या, चौपट आणि वीसपट, दोन्ही डोसला लावा, औषध न घातलेली प्लेटही ठेवा. क्लोरॅम्फेनिकॉल दहा मिनिटं आधी घाला. धुताना घाई करू नका, औषध उरलं तर सगळा प्रयोग फुकट जाईल.