जाहिरात-अहवालातले मुद्दे: तुम्ही कसे लिहिता, कोणत्या क्रमाने?

महिनाअखेरीला गूगल-मेटाच्या जाहिरातींचा रिपोर्ट क्लायंटला पाठवणारे इथे बरेच आहेत. आमच्याकडे हल्ली प्रत्येक मुद्दा 'काय दिसलं, का झालं, काय करायचं' असा लिहायचा आणि ज्यात जास्त पैसा अडकलाय तो आधी घ्यायचा, असं ठरलंय. लिहायला बसलं की 'का'पाशी गाडी अडते आणि क्रमावरून वाद होतात. तुमचे अनुभव लिहा, आकड्यांसकट असतील तर उत्तम.

मीनल_के
पुण्यातल्या एका मॉड्युलर किचनवाल्यांचं उदाहरण देते, आकडे सोयीसाठी गोल केलेत. महिन्याचा खर्च 2,40,000. सर्च टर्म्स उघडल्या तर 'किचन डिझाइन फोटो', 'सेकंड हँड किचन ट्रॉली', 'मॉड्युलर किचन जॉब' असल्या शोधांवर 52,000 गेलेले आणि लीड फक्त 4. उरलेल्या 1,88,000 मध्ये 235 लीड, म्हणजे लीडमागे 800. हे झालं निरीक्षण. यात 'वाया गेले' हा शब्दसुद्धा मी घालत नाही.

कारणासाठी चेंज हिस्टरी बघितली. महिन्याच्या सुरुवातीला कीवर्ड ब्रॉड मॅचवर गेले होते आणि तो बदल कुणा माणसाने केलाच नव्हता, ऑटो-अप्लाय चालू राहिलं होतं. तारीख जुळली म्हणून 'कारण' असं लिहिलं. नसती जुळली तर 'अंदाज' लिहून, तो तपासायचा कसा हेही खाली दिलं असतं.

कृती: ऑटो-अप्लाय आजच बंद, कीवर्ड पुन्हा फ्रेज मॅचवर, फोटो-जॉब-सेकंड हँड हे शब्द निगेटिव्ह यादीत. कोण करणार त्याचं नाव, आणि दोन आठवड्यांनी तोच तक्ता पुन्हा बघायचा. 'कॅम्पेन ऑप्टिमाइझ करावं' ही कृती नव्हे.

आदित्य_डिजिटल
मी सरळ खर्चाच्या कॉलमवर सॉर्ट मारतो. ज्या कॅम्पेनवर सगळ्यात जास्त खर्च, त्याचा मुद्दा पहिला. पाच मिनिटांत क्रम तयार.

मीनल_के
शोधायला कुठून सुरुवात करायची, त्यासाठी ठीक आहे. पण सगळ्यात मोठं कॅम्पेन झकास चाललं असेल तर तिथे अडकलेला पैसा जवळपास शून्य. आपण हात घातल्याने जी रक्कम हलेल ती मोजायची. वरच्या उदाहरणात 52,000 पूर्ण नाहीत. 4 लीड आलेच होते, 800 च्या भावाने त्यांचे 3,200 वजा. राहिले 48,800.

दुसरा मुद्दा लोकेशनचा होता. सेटिंग `Presence or interest` वर होतं, त्यामुळे पुण्याबाहेरच्या लोकांवर 14,000 गेले. पण त्यातले 5,000 त्याच फोटो-जॉबवाल्या शोधांवरचे, पहिल्या मुद्द्यात आधीच धरलेले. म्हणून दुसऱ्याच्या नावावर 9,000 च. ही सरमिसळ काढली नाही तर मुद्द्यांची बेरीज कधीकधी एकूण खर्चाच्याही वर जाते आणि क्लायंट नेमकं तेच पकडतो.

सराफ_नगरवाले
मी रिपोर्ट घेणाऱ्या बाजूचा, आमची पेढी आहे. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, आमचे वडील पहिलं पान बघतात आणि मला म्हणतात, 'यात माझे किती?' मागच्या एजन्सीचं पहिलं पान म्हणजे एका बॅनरचा सीटीआर घसरला ही बातमी. त्या बॅनरवर महिन्याला दोन-अडीच हजारसुद्धा जात नव्हते. खरी गळती नवव्या पानावर! आता रुपये आधी लिहा म्हणून सांगितलंय. जीएसटी धरून की सोडून, तेही एकदा वरच लिहा राव.

नीलिमा_ब
आमच्या क्लासची जाहिरात पेपरात असते. क्लिक वगैरे काही नाही. मग 'काय दिसलं' मध्ये काय लिहायचं? मी प्रवेशाच्या फॉर्मवर 'कुठून कळलं' विचारते, पण निम्मे पालक 'मित्राकडून' लिहितात.

मीनल_के
नीलिमाताई, धागा ऑनलाइन रिपोर्टचा आहे, तरी सांगते. पेपरातल्या जाहिरातीत वेगळा फोन नंबर टाका, त्यावर आलेले कॉल हे तुमचं निरीक्षण. पालक मित्राचं नाव का लिहितात ते मलाही सांगता यायचं नाही.

वरुण_पी
एक अनुभव 'का'बद्दल. शोरूमच्या भेटी आम्ही गूगलमध्ये अपलोड करतो. शेवटच्या आठवड्यात भेटी निम्म्यावर दिसल्या आणि सहकाऱ्याने 'स्पर्धा वाढली' असं कारण ठोकून दिलं. गूगल भेट मोजतं ती क्लिकच्या तारखेला, आणि आमचा ग्राहक क्लिकनंतर दहा-बारा दिवसांनी येतो. आठवडा पिकलाच नव्हता. आता शेवटचे पंधरा दिवस आम्ही तुलनेत घेतच नाही.

माझा प्रश्न उरतोच: बजेट संपल्यामुळे न दिसलेल्या जाहिराती पैशात कशा धरायच्या? इम्प्रेशन शेअर सांगतो 40 टक्के हुकले, पण ते मिळाले असते तर लीड त्याच भावाने पडले असते कशावरून?

मीनल_के
मी ते वेगळ्या यादीत टाकते आणि एकच आकडा न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' लिहिते. गेलेला पैसा हिशेबात असतो, न आलेला आपल्या अंदाजात.

आदित्य_डिजिटल
मला नाही पटत. वेगळी यादी केली की ती कुणी वाचत नाही, आणि बरेचदा मोठी रक्कम तिथेच असते. मी खालचा आकडा धरून एकाच यादीत लावतो.