ठेकेदाराचा "११ ते १, पाऊण तास उशीर शक्य" असा मेसेज: रास्त की दादागिरी?

गोडोलीचा_गळका:
साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग १९९८ ची. आमच्या बाथरूमच्या छताला, वरच्या फ्लॅटचा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्याच्या बाजूला, ताटाएवढी ओल आली आहे. वॉटरप्रूफिंगवाला कऱ्हाडचा. त्याचा मेसेज जसाच्या तसा देतो:

"नमस्कार. शनिवारी सकाळी ११ ते १ मध्ये पाहणीला येतो. कऱ्हाडहून निघणार, हायवेचं काम आणि उसाच्या ट्रॉल्या बघता पाऊण तास इकडंतिकडं होईल. वरच्या फ्लॅटचे मालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि तुमचा प्लंबर हजर ठेवा. शुक्रवारी वरच्या बाथरूमला पाणी भरून ठेवा. माणसं नसली तर पाहणी होणार नाही, दुसऱ्या फेरीचे ८०० रुपये पडतील."

वरचे मालक पुण्यात. फ्लॅटमध्ये भाडेकरू नवरा-बायको, दोघंही हॉस्पिटलच्या ड्यूटीवर. ओल माझ्या छताला आणि हजर राहायचं अर्ध्या बिल्डिंगनं? हे रास्त आहे का?

सरळसोट:
अजिबात नाही. दोन तास अधिक पाऊण तास म्हणजे तुमचा अख्खा शनिवार गेला. एसटीसुद्धा एवढी सूट मागत नाही. त्याला लिहा, सकाळची पहिली साइट आमची धर आणि ९ ला ये. निघाल्यावर लोकेशन पाठव म्हणजे आम्हाला दिसेल गाडी कुठं आहे. ८०० रुपये तर शुद्ध लूट. अजून बघितलं काही नाही आणि दंड आधी!

ओलावा_२२_वर्षं:
हेच काम करतो म्हणून माझं मत एकतर्फी वाटेल, पण ऐका. पहिली साइट मागा हे सरळसोट बरोबर बोलले. दुपारी उशीर होतो तो रस्त्यापेक्षा आधीच्या साइटमुळं जास्त. तिथं ठोकून बघताना टाइल पोकळ लागली की मालक म्हणतो, आता आलाच आहात तर गच्चीपण बघा. झाला तास. लोकेशन मात्र रस्त्यावरचा उशीर दाखवतं, आधीच्या घरात अडकलेला माणूस दाखवत नाही. गाडी एका जागी उभी दिसेल, एवढंच.

रस्त्याचं त्यानं खोटं लिहिलेलं नाही. शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम चालू आहे. कऱ्हाड-सातारा एरवी तासाभराचा रस्ता, पण गाळपाच्या दिवसांत उंब्रजच्या पुढं दोन ट्रॉल्या शेजारी-शेजारी चालल्या की मागं रांग लागते. अशा पट्ट्याला "११ वाजता येतो" असं लिहिणारा माणूस एक तर नवीन असतो, नाही तर खोटं बोलतो.

मेसेजमध्ये खरी खोट वेगळीच आहे. पाऊण तासाची सूट ११ ते १ च्या आत धरली आहे की १ नंतर? आत धरली असेल तर १ ला तुम्ही मोकळे. नंतर धरली असेल तर पावणेदोनपर्यंत बांधलेले. हे आज विचारून घ्या. आणि तेवढ्यातही आला नाही तर पुढं काय, हेही. उशीर त्याचा असेल तर फेरीचे पैसे त्यानं सोडायचे, हे त्याच्याच तोंडून लिहून येऊ दे.

निवृत्त_गुरुजी:
नगरपालिकेच्या पाहणीला मूळ मालक लागतोच. घरपट्टीची पावती आणि आधार कार्डाच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात.

गोडोलीचा_गळका:
गुरुजी, पालिकेचं नाही हो, खासगी ठेकेदार आहे. ओलावा दादा, वेळेचं पटलं. पण एवढी माणसं कशाला?

ओलावा_२२_वर्षं:
सेक्रेटरी लागतो, कारण डक्टचं दार आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुलपात असतो. गळती डक्टमधल्या सामाईक पाइपची निघाली तर खर्च सोसायटीवर येतो, आणि ते त्यानं स्वतः बघितलेलं बरं. नाही तर पुढच्या मीटिंगला म्हणेल, "आम्हाला कुणी दाखवलंच नाही." वरचा माणूस लागतो तो दार उघडायला आणि पाणी सोडायला. प्लंबर पाहणीच्या दिवशी कशाला हवा? तो ठेकेदारानं स्वतःचा आणावा. ते ओझं तुमच्यावर ढकललंय, तेवढं साफ नाकारा.

आता पाणी भरण्याचं. नुसतं "भरून ठेवा" म्हणून चालत नाही. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून गच्च बंद करायचं, इंचभर पाणी साठवायचं, आणि पाण्याच्या पातळीला टाइलवर पेन्सिलनं रेघ मारायची. दिवसभर राहिलं तर उत्तम. त्याआधी एक-दोन दिवस ते बाथरूम कोरडं ठेवलेलं असावं, नाही तर खालची ओल आजची की कालची कळत नाही. रेघ खाली गेली आणि तुमची ओल वाढली तर दोष फरशीत किंवा कोब्यात. पाणी जागेवर राहिलं तर फरशी बऱ्यापैकी निर्दोष. मग ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत बोळा काढायचा आणि खाली थांबून बघायचं. पाणी सोडताच गळायला लागलं तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा.

म्हणून वेळ महत्त्वाची. तो यायच्या आधी कुणी पाणी सोडलं तर अर्धी पाहणी गेली समजा.

सरळसोट:
पाण्यात नीळ टाका की! खाली निळं आलं म्हणजे सिद्ध. कुणी हजर राहायला नको की काही नको.

ओलावा_२२_वर्षं:
निळं आलं तर सिद्ध, खरंय. पण आलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही. विटांच्या तुकड्यांच्या भरावातून गाळून येताना रंग तिथंच बसू शकतो, खाली साधं पाणी उतरतं. मग वरचा मालक तेच धरून बसतो.

वाईची_ताई:
माझं सांगते. आमचं वाईचं घर भाड्यानं दिलेलं, मी मुंबईला. ठेकेदार आला तेव्हा भाडेकरू हजर होता. "टाइल फोडून बघू का?" म्हटल्यावर तो बापडा हो म्हणाला. चार टाइल फोडल्या, तसल्या टाइल आता मिळत नाहीत. पैसे कुणी द्यायचे यावर वर्षभर अबोला. तेव्हापासून माझा नियम, हजर कुणीही राहू दे, पण हो म्हणणारा माणूस फोनवर हवा आणि "फोडाफोडी नाही, फक्त पाहणी" हे आधी लिहून हवं. मालकानं पुण्याहून दोन तासांसाठी यावं असं मला तरी वाटत नाही.

खोली_नंबर_तीन:
इथं सगळे मालक बोलताहेत, मी भाडेकरू आहे म्हणून विचारते. वरच्या फ्लॅटला बाथरूम एकच असेल तर? एक-दोन दिवस कोरडं, वर दिवसभर पाणी तुंबवलेलं. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं अंघोळ कुठं करायची? गळतं तुमचं, फ्लॅट पुणेकरांचा, आणि सुट्टी टाकायची आम्ही. मेसेजमध्ये त्यांना कुणी नमस्कारसुद्धा केलेला नाही. तो गेला कुणाला? खालच्या काकांना.

गोडोलीचा_गळका:
ताई, बोलणं लागलं पण खरं आहे. आत्ताच वर जाऊन आलो. बाथरूम एकच. नवऱ्याची ड्यूटी शनिवारी दीडला सुरू, म्हणजे एकला त्यांना निघायलाच हवं.

ओलावा_२२_वर्षं:
मग दिवसभराचा हट्ट सोडा. शुक्रवारी रात्री शेवटची अंघोळ झाली की फरशी पुसून ९ ला भरा आणि शनिवारी ठेकेदार येईपर्यंत ठेवा. चौदा ते सोळा तास होतात. बारीक पाझर सुटून जाईल, ठळक दोष मात्र सापडतो. आणि एकच्या आत या हे ठेकेदाराला ठणकावून सांगा, कारण बोळा काढणारा माणूस एकला घर सोडतोय. त्याच्या मेसेजमध्ये नेमकं हेच राहिलंय, कोण हजर पाहिजे ते लिहिलं पण ती माणसं किती वाजेपर्यंत असतील हे त्यानं विचारलंच नाही.

सरळसोट:
म्हणजे शेवटी नक्की वेळ द्यायलाच लागली ना? मी काय वेगळं म्हणत होतो!

ओलावा_२२_वर्षं:
तुम्ही यायची नेमकी वेळ मागत होता. मी म्हणतोय, जास्तीत जास्त कितीपर्यंत, ते ठरवा. पहिली त्याच्या हातात नाही, दुसरी आहे, लवकर निघालं की झालं.

गोडोलीचा_गळका:
त्याला असं पाठवलं: "पाऊण तासाची सूट धरूनच १ पर्यंत या. वरचे लोक १ ला बाहेर पडतात. मालक फोनवर असतील, सेक्रेटरी किल्लीसह हजर. प्लंबर तुम्ही आणा. फक्त पाहणी, फोडाफोडी नाही. उशीर तुमचा झाला तर ८०० नाहीत." उत्तर आलं, "ओके. ९ ला निघतो, पण पैशाचं भेटून बोलू."

सरळसोट:
"भेटून बोलू" म्हणजे घेणार.

ओलावा_२२_वर्षं:
आम्ही काम मिळालं तर फेरीचे पैसे बिलातून वजा करतो. सगळे करत नाहीत. मात्र डिझेल आणि अर्धा दिवस जातो, फुकट पाहणी करणारा ते पैसे पुढं कुठं तरी काढतोच.

वाईची_ताई:
वजा करणारे मी तरी पाहिले नाहीत.

गोडोलीचा_गळका:
शनिवारचं कळवतो. नागठाण्याला अडकला, तिथून पावणेबाराला फोन केला, १२:२० ला दारात. रेघ जागेवर होती, केसभरही हलली नव्हती. माझ्या छताची ओल आदल्या दिवशीएवढीच. वरच्या दादांनी बोळा काढला, आम्ही खाली बॅटरी धरून उभे. पाचेक मिनिटांत पाइप स्लॅबमधून बाहेर येतो तिथं थेंब धरला, मग टप टप सुरू. फोनवर पुण्याच्या मालकांनाही दाखवलं. १२:५० ला वरचे कुलूप लावून गेले. ठेकेदार म्हणाला ट्रॅपचा सांधा गेलाय, अख्खी फरशी उखडायची गरज नाही, ट्रॅपभोवतालचीच खोलायची. ८०० चं नाव काढलं नाही.

आता पुण्याचे मालक म्हणतात, पाइप तुमच्या छतात लोंबतोय तर अर्धा खर्च तुमचा. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचा संबंध नाही.

वाईची_ताई:
ट्रॅप वरच्यांच्या बाथरूमचा, पाणी वरच्यांचं. एक रुपया देऊ नका.

सरळसोट:
मी असतो तर अर्धे देऊन मोकळा झालो असतो. पावसाळ्यापर्यंत भांडत बसाल आणि गळत बसेल तुमच्याच डोक्यावर.

खोली_नंबर_तीन:
आणि कामाचे दोन दिवस वरच्यांची अंघोळ कुठं, ते कुणी विचारलं का?

गोडोलीचा_गळका:
आमच्याकडं करतील, ताई. बायकोनं आधीच सांगितलंय त्यांना.