मदत हवी आहे: मुळाशी तेलकट, टोकांना कोरडे केस

माझे केस कुरळे, खांद्याखाली येणारे. दीड वर्ष सल्फेट नसलेला शाम्पू, वर रोज सिरम आणि जेल. हल्ली धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुळाशी चिपचिप आणि टोकं मात्र झाडूसारखी. कोरडे वाटले की मी आणखी सिरम चोपडायचे, म्हणजे आगीत तेलच! ओले केस हातात धरले तर मेणकट लागतात, पाणी वरूनच ओघळतं. सिरमच्या बाटलीवर पहिलंच नाव डायमेथिकोन, म्हणजे एक प्रकारचं सिलिकॉन. ते पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य शाम्पूने पूर्ण निघतही नाही, हे उशिरा कळलं.

म्हणून गेल्या रविवारी असा साचलेला थर काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू आणला. फक्त टाळूला लावून दोन मिनिटं चोळला, फेस टोकांवरून ओघळू दिला, मग कंडिशनर. केस एकदम हलके झाले, कुरळेपणाही परत आला. उत्साहात बुधवारी पुन्हा लावला आणि टाळू ओढल्यासारखी होऊन खाजू लागली.

आता प्रश्न असा की सिरम-जेल रोज चालू ठेवलं तर हा शाम्पू पंधरा दिवसांनी लावावा की महिन्यातून एकदा? केसांना रंगही लावलेला आहे, तो लवकर उतरेल का? कुरळे केसवाल्यांनो, तुम्ही किती दिवसांनी लावता?