डिस्क बल्ज डावीकडे, दुखतंय उजवीकडे. रिपोर्ट वाचायचा कसा?

बागायतदार_देवगड
मंडळी, वय ४९, हापूसची बाग. चार महिने उजव्या जांघेत दुखतंय, तिथून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरतं. मांडी घालून जेवायला बसता येत नाही. फवारणीचा गमबूट उजव्या पायात चढवायला बायकोला हाक मारावी लागते. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. कंबर थोडी धरते, पण ती वीस वर्षं धरतेच आहे.
कमरेचा एमआरआय काढला. एल४-एल५ला डिस्क बल्ज, डावीकडे जास्त, डावी एल५ नस दबतेय. बाकीच्या गाद्या ठीक. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, "गॅप आहे" म्हणाले. पट्टा आणि नसेच्या गोळ्या घेऊन दीड महिना झाला, फरक शून्य. आता मणक्यात इंजेक्शन घ्या म्हणतात.
नस डावीकडे दबली तर उजवीकडे दुखेल कसं? पुढे काय करू? एमआरआयला पैसे गेले, आता हातात तीन हजारच आहेत.

चाकरमानी_बोरिवली
गावात वेळ घालवू नका. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात स्पाइन सर्जनला दाखवा. माझी दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून सर्जरी झाली, तिसऱ्या दिवशी चालत घरी आलो. खर्च साडेतीन लाख, पण पैसे वसूल.

बागायतदार_देवगड
दादा, तीन हजार लिहिलंय. तीन लाख नव्हे.

सुरंगीचा_वळेसर
आमच्या आईलाही एल४-एल५च होतं. तिची कळ कुल्ल्यातून निघून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट अंगठ्यात जायची, खोकली की झटका बसायचा. चप्पल पायातून सुटून पडायची तरी कळायचं नाही. सहा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरी झाली. तुमचं वर्णन मला तसं वाटत नाही.

तारकर्ली_नाखवा
अरे बाबा, माका पण असाच झाला हुता. गादी बदल! कापसाची घे, फोमची नको. माझी तर एका म्हयन्यात पाठ सुटली.

खाडीपलीकडे
सुरंगी, एवढं सरळ नसतं. बल्ज एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे असंही होतं, मी वाचलंय. शिवाय मांडीच्या पुढच्या बाजूच्या नसा कमरेतूनच येतात. त्यामुळे मणका नाहीच असं म्हणू नका.

रत्नांग्रीची_फिजिओ
चौदा वर्षं हेच काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाडीपलीकडे यांचं अर्धं बरोबर आहे. मांडीच्या पुढच्या बाजूला येणाऱ्या नसा कमरेतूनच निघतात, पण एल२, एल३, एल४ अशा वरच्या. तिथल्या गाद्या रिपोर्टात ठीक आहेत. दबलेली नस एल५, तीही डावी. तिने दुखवायचं ठरवलंच, तर डाव्या पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा. सुरंगींच्या आईचं तसंच होतं. उलट्या बाजूचं दुखणं क्वचित होतं, पण ते मानण्याआधी जवळचं कारण तपासायचं.

रिपोर्टच्या शेवटी "लक्षणांशी ताडून पाहा" अशा अर्थाची एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. बल्ज दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला होता. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला बल्ज निघाला. तुमचा बल्ज तुमच्या वीस वर्षांच्या कमरेसोबतच मुरलेला असेल.

आता मला सांगा, कुठे दुखतं हे दाखवताना हात कसा ठेवता? आणि एक करून पाहा. उताणे झोपा, बायकोला उजवा गुडघा नव्वद अंशात वर धरायला सांगा. मग गुडघा जागेवर ठेवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. जोर लावायचा नाही. तसंच डावीकडे.

कोकमआगळ
कटिबस्ती केलीत का? सावंतवाडीला माझ्या मामांनी केली. वातावर दुसरा उपाय नाही. एमआरआय वगैरे सगळं धंद्यासाठी.

बागायतदार_देवगड
फिजिओताई, आत्ताच करून पाहिलं. डावा पाय आरामात वळला. उजवा मध्येच अडकला आणि जांघेत अशी कळ आली की बायको घाबरून पाय सोडून उठली. हात म्हणाल तर अंगठा मागे कुल्ल्यावर, बोटं पुढे जांघेत. खुबा मुठीत धरल्यासारखा.

रत्नांग्रीची_फिजिओ
तो हात खुब्याचा, मणक्याचा नाही. कंबरवाला सहसा तळहाताने कंबर दाबून दाखवतो. मांडी न घालता येणं, बूट न चढणं हीसुद्धा खुब्याचीच भाषा. आणि कमरेच्या एमआरआयमध्ये खुबा नीट येतच नाही, म्हणून रिपोर्टात तो शोधू नका. मणक्यातलं इंजेक्शन तूर्त थांबवा. दोन्ही खुब्यांचा एक साधा एक्स-रे काढा, काही शेकड्यांत होतो, आणि हाडांच्या डॉक्टरांना "खुबा तपासा" असं स्वतःहून सांगा.
लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटलं, किंवा पाऊल लटकं पडलं, तर मात्र हा धागा बंद करून त्याच दिवशी दवाखाना.
आणखी एक. कधी स्टेरॉइड घेतली होती का? दारू?

चाकरमानी_बोरिवली
गोव्याला बांबोळीला पण जाता येईल, तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ. पण माझा सर्जन म्हणजे...

बागायतदार_देवगड
दारू सणासुदीला. २०२१ला कोविडमध्ये अकरा दिवस ऍडमिट होतो, तेव्हा इंजेक्शनं दिली होती. डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं, स्टेरॉइड लिहिलंय.

बागायतदार_देवगड
चार दिवसांनी लिहितोय. कणकवलीला एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले खुबा ठीक दिसतो, सांध्यातली जागा दोन्हीकडे सारखी.

खाडीपलीकडे
बघा! म्हणजे मणकाच. मी म्हटलं होतं.

तारकर्ली_नाखवा
गादी बदललंस काय?

रत्नांग्रीची_फिजिओ
एक्स-रे ठीक आला म्हणून खुबा सुटला असं नाही. स्टेरॉइडनंतर कधीकधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड आतून मरायला लागतं. एव्हीएन म्हणतात त्याला. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो, एमआरआयवर मात्र दिसतं. तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही. एवढ्याच डोसने होतंच असंही नाही. पण पाय वळवताना अडकणं आणि ते डिस्चार्ज कार्ड, दोन्ही एकत्र आल्यावर मी वाट पाहणार नाही. गोळा खचण्याआधी कळलं तर सांधा वाचवायला वाव असतो. डॉक्टरांना ते कार्ड दाखवून दोन्ही खुब्यांच्या एमआरआयबद्दल विचारा. खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

सुरंगीचा_वळेसर
+१. कार्ड नक्की न्या. आमच्याकडे आईची जुनी कागदपत्रं नव्हती, प्रत्येक डॉक्टरला पहिल्यापासून सांगावं लागलं.

बागायतदार_देवगड
सगळ्यांचे आभार. इंजेक्शन रद्द केलं, पट्टा खुंटीला. पण एमआरआय जूनमध्ये. आंबा उतरायला लागलाय, गडी मिळत नाहीत, पेट्यांची बोली झालीय. दोन महिने मी बागेत नाही राहिलो तर वर्षभर काय खाऊ?

रत्नांग्रीची_फिजिओ
मला पटलेलं नाही, पण बाग तुमची. निदान पाठीवरचा पंप बंद करा, झाडावर चढू नका. काठी घ्या, ती डाव्या हातात. दुखऱ्या बाजूच्या हातात नाही, उलट्या हातात धरली की खुब्यावरचा भार कमी होतो. रात्री झोपेतही दुखायला लागलं किंवा एकाएकी पाय टेकवेना झाला, तर जूनची वाट बघू नका.

बागायतदार_देवगड
काठी घेतो. पण झेला दोन्ही हातांनी धरावा लागतो हो ताई.